पाठ टाचण : दहावीनंतरच्या वाटा, आवडीची वर्गवारी आणि शाखांचा नकाशा

इयत्ता दहावी अ, पट 42. दोन जोड तासिका, एकूण 80 मिनिटे. पूर्वपरीक्षेआधीचा शनिवार.

हा तास कशासाठी

मागच्या आठवड्यात "पुढे काय करणार?" असं विचारलं. सव्वीस जणांनी सायन्स लिहिलं, आणि "सायन्स घेऊन काय?" या पुढच्या प्रश्नाखाली त्यातल्या सतरा जणांची जागा कोरी राहिली. मुलं शाखा ठरवून मोकळी होतात, कामाचा विचार राहूनच जातो. या तासात क्रम उलटा करायचा आहे. आधी स्वतःला कोणतं काम करावंसं वाटतं ते बघायचं, मग त्या कामाला कोणते विषय लागतात, आणि सर्वात शेवटी शाखा. तास संपताना प्रत्येकाच्या वहीत दोन वाटा हव्यात, आणि त्या वाटांवर कुठे वळता येतं व कुठे येत नाही हेही.

गुण किती पडतील याची चर्चा या तासात अजिबात करायची नाही. कोणी काढली तरी "ते निकालानंतर" म्हणून पुढे जायचं.

आधीची तयारी

चिठ्ठ्यांचे 21 संच, एका बाकाला एक. जुन्या कॅलेंडरचे कागद कापून प्रत्येक संचात 24 चिठ्ठ्या. चिठ्ठीवर पदाचं नाव लिहायचं नाही, कृती लिहायची. "इंजिनिअर" लिहिलं की मुलांना पगार आणि शेजारचा दादा दिसतो. "बंद पडलेला पंखा उघडून बघणं" लिहिलं की त्यांना स्वतःचे हात दिसतात.

प्रत्येक चिठ्ठीच्या मागे 1 ते 6 पैकी एक आकडा, प्रत्येक आकड्याच्या चार चिठ्ठ्या. ही विभागणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा आवड-प्रकारांवरून घेतली आहे :

1. हातांनी, अवजारांनी काम : पंखा उघडणं, सायकलची चेन बसवणं
2. शोध : पानावरची कीड कुठली ते ओळखणं, प्रयोग चुकला तर का चुकला ते बघणं
3. निर्मिती : गणपतीच्या मखराची रचना ठरवणं, गोष्ट रंगवून सांगणं
4. माणसांची काळजी, शिकवणं : आजीला औषध समजावणं, धाकट्याचा अभ्यास घेणं
5. पुढाकार, पटवणं : सहलीसाठी सगळ्यांना तयार करणं, स्टॉलवर विक्री करणं
6. नोंदी, व्यवस्था : हिशेबातली चूक शोधणं, वर्गाच्या वर्गणीची वही ठेवणं

आकड्यांचा अर्थ आधी सांगायचा नाही. कळला की मुलं "चांगला" आकडा शोधू लागतात.

वर्गवारी (30 मिनिटे)

सुरुवात या शब्दांत :

"मुलांनो, समोरच्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात अशी कामं, जी करताना वेळ कसा गेला ते कळत नाही. दुसऱ्यात, करावं लागलं तर करीन अशी. तिसऱ्यात, नकोच वाटतात ती. शेजारचा काय करतोय ते बघू नका. एकाचं झालं की वहीत लिहा, चिठ्ठ्या पिसा आणि मग दुसऱ्याने करायचं."

प्रत्येकाला सात मिनिटं. मग पहिल्या ढिगातल्या चिठ्ठ्या उलटून कोणते दोन आकडे जास्त आले ते मोजायचं, आणि आता फळ्यावर सहा प्रकारांचे अर्थ लिहायचे.

इथे घाई करायची नाही. जोडीदाराने प्रत्येक चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारायचा : "हे तू शेवटचं कधी केलंस?" उत्तर आलं नाही तर ती चिठ्ठी दुसऱ्या ढिगात. गेल्या वर्षी एका मुलीने "रोपांची कलमं बांधणं" पहिल्या ढिगात ठेवलं होतं. विचारल्यावर तिने घरामागच्या जास्वंदीचं कलम कसं दोनदा वाळलं आणि तिसऱ्यांदा कसं धरलं ते पाच मिनिटं सांगितलं. एरवी तासाला ती तोंड उघडत नसे. आवड अशी सापडते, नुसत्या प्रश्नावलीतून नाही.

दोन आकडे म्हणजे शाखा नव्हे, हे ठासून सांगायचं. चार नंबरवाला नर्स होईल, शिक्षक होईल, वकीलही होईल. तिघांचे रस्ते वेगळे.

फळ्यावरचा नकाशा (35 मिनिटे)

मध्ये "दहावी". पांढऱ्या खडूने सरळ वाटा, पिवळ्याने वळणं, लाल खडूने बंद होणारी दारं. लाल खडू सर्वात महत्त्वाचा, कारण तोच मुलांना कोणी सांगत नाही.

*विज्ञान.* भौतिक आणि रसायन बहुतेक सगळे घेतात, प्रश्न गणित आणि जीवशास्त्राचा. इंजिनिअरिंगला गणित लागतं, नीटला जीवशास्त्र. दोन्ही घेता येतात, भार वाढतो. गणित सोडलं तर इंजिनिअरिंगच्या दारावर लाल रेघ, जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीयच्या. बारावी विज्ञाननंतर कला किंवा वाणिज्यची पदवी घेता येते, ही पिवळी रेघ. उलट दिशेने कलेतून बी.एस्सी.ला येता येत नाही.

*वाणिज्य.* बी.कॉम., सी.ए., कंपनी सेक्रेटरी, बँका, व्यवसाय. सी.ए. फाउंडेशनची परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर देता येते, पण लेखाशास्त्र दोन वर्षं शिकलेल्याचा पाया तयार असतो.

*कला.* इथे थांबायचं, कारण वर्गात "आर्ट्सला स्कोप नाही" हे वाक्य हमखास येतं. एम.पी.एस.सी. आणि यू.पी.एस.सी.च्या नागरी सेवांना कोणतीही पदवी चालते. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डी.एल.एड. आणि ए.एन.एम. नर्सिंग कोणत्याही शाखेच्या बारावीवर होतात. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं. एन.डी.ए.तून लष्करात कोणत्याही शाखेतून जाता येतं, नौदल व हवाई दलाला भौतिक, रसायन आणि गणित लागतं.

*इंजिनिअरिंग पदविका.* तीन वर्षं, प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी प्रवेश परीक्षा नाही. पूर्ण झाली की इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही पिवळी रेघ जाड काढायची.

*आय.टी.आय.* इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतनासह. दोन वर्षांचा ट्रेड करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्यांच्या पहिल्या ढिगात एक नंबर भरपूर आहे आणि ज्यांना लवकर कमवायचं आहे, त्यांनी ही वाट कमीपणाची मानू नये. मला स्वतःला ही पूर्ण मानाची वाट वाटते, आणि वर्गात तसं उघड म्हणायचं.

बारावीपर्यंतचा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि कृषी पदविका एका ओळीत नोंदवायची.

वहीत उतरवणं (15 मिनिटे)

प्रत्येकाने दोन वाटा लिहायच्या, पहिली आणि पर्यायी. प्रत्येकीखाली तीन ओळी : त्यातलं मला आवडणारं काम कोणतं, त्याला लागणारे विषय कोणते, लाल रेघ कुठे आहे. दोन्ही वाटा एकाच शाखेतून जात असतील तर पर्यायी वाट पुन्हा लिहायला सांगायची.

"बाई, घरचे ऐकणार नाहीत" असं किमान तिघं म्हणतील. त्यांना वाद घालायला न सांगता नकाशा घरी न्यायला सांगायचं. शाखेवरून भांडण होतं, पण दोन वाटा आणि त्यांची वळणं कागदावर दिसली की बोलणं होतं. पुढच्या शनिवारच्या पालकसभेत हीच पानं समोर ठेवायची.

पडताळणी

वह्या सोमवारी गोळा. फक्त लाल रेघेची ओळ तपासायची. ती चुकली असेल त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलवायचं, वर्गासमोर नाही. फळ्यावरचा नकाशा पालकसभेपर्यंत पुसायचा नाही, तसं कोपऱ्यात लिहून ठेवायचं.