साडेदहाची पाळी

भांडुप पश्चिमेला एलबीएस मार्गावरून आत वळलं की गाळ्यांची रांग लागते, त्यातच आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट. 6 मशिनं, तेलाच्या बाटल्यांची झाकणं काढतो आम्ही. मी क्यूसीला. दर तासाला प्रत्येक मशिनची झाकणं उचलायची, कडेला फ्लॅश म्हणजे जादा प्लास्टिक आलंय का, कुठलं अर्धवट भरलंय का ते बघायचं आणि रजिस्टरला मारायचं. ही गोष्ट 2019 ची, शिंदे साहेब सुपरवायझर म्हणून येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

साहेब कामाला एकदम पक्के. मशिनचा आवाज ऐकून सांगायचे की बॅरलचं तापमान खाली गेलंय, आणि प्लास्टिकचा दाणा हातात घेऊन सांगायचे हा ओला आहे, अजून ड्राय करा. पण माणसांशी त्यांचं बोलणं म्हणजे तीनच वाक्यं, उशीर का झाला, माल का गेला, जागेवर का नाही. समोरचा काही सांगायला लागला की "कारणं नकोत" म्हणून पुढे निघून जायचे. त्यामुळे कोणी सांगायच्या फंदातच पडायचं नाही.

तेव्हा पाळ्या होत्या सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात. आणि सगळा गोंधळ व्हायचा तो रात्री अकराच्या आसपास. पावणेअकराला सेकंड शिफ्टवाले हात धुवायला पळायचे, पाच कमीला पंचिंगच्या मशिनपाशी रांग, आणि नाइटवाले यायचे अकराला, कधी दोन-चार मिनिटं उशिरा. मधल्या वेळात मशिन एकतर बंद नाहीतर एकटंच चालू. बंद पडलं की बॅरलमधला माल जळतो, मग पर्जिंग करून तो जळका माल बाहेर काढा, पहिले कितीतरी शॉट सरळ ग्राइंडरला टाका. साहेबांनी यावर उपाय काय काढला, तर अकराच्या आधी जागा सोडली की हाफ डे. लोक मग अकराला एक सेकंद कमी असेपर्यंत मशिनपाशी उभे राहायचे, पण नजर घड्याळावर, आणि ठोका पडला की जे पळायचे ते बघण्यासारखं होतं.

मग चार नंबरचा मोल्ड दबला.

झालं असं की चार नंबरला 16 कॅव्हिटीचा मोल्ड, म्हणजे एका शॉटला 16 झाकणं, आणि त्यातल्या एका कॅव्हिटीचं झाकण संध्याकाळपासून चिकटत होतं, इजेक्टर ढकलायचा तरी पडायचं नाही. काशिनाथ काका होते त्यावर, 22 वर्षं याच कामात गेलेली. त्यांनी मशिन ऑटोवरून काढून सेमीवर टाकलं, प्रत्येक शॉटला दार उघडून बघायचं, चिकटलं असेल तर पितळी सळीने हलकेच काढायचं, मग दार लावायचं. मेंटेनन्सला कळवलं होतं पण तो माणूस दुसऱ्या मशिनवर अडकलेला. चार तास काकांनी ते मशिन असं हाताने सांभाळून चालवलं. अकराला काका गेले, नाइटचा रमेश आला, त्याला दिसलं मशिन सेमीवर आहे, त्याला वाटलं चुकून राहिलंय, त्याने ऑटोवर टाकलं. दहा मिनिटांत झाकण आत अडकलं आणि मोल्ड त्याच्यावरच बंद झाला. कोर वाकला. मोल्ड उतरवून टूलरूमला पाठवावा लागला, मशिन आठवडाभर उभं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी शिंदे साहेबांना बोलावलं, काशिनाथवर रिपोर्ट लिहा म्हणून. सस्पेंड करायचं चाललं होतं.

त्या रात्री अकराला साहेब कागद घेऊन चार नंबरपाशी आले. मी बाजूलाच पाच नंबरची शेवटची झाकणं मोजत होतो. साहेब म्हणाले, "काका, झाकण चिकटतंय हे माहीत होतं तुम्हाला, मग नाइटवाल्याला सांगितलं का नाही?"

काका म्हणाले, "साहेब, सांगायला माणूस कुठे होता?"

साहेब नेहमीसारखे पुढे जाणार असं मला वाटलं. गेले नाहीत. काकांचं लक्ष घड्याळाकडे, ते म्हणाले, "साहेब, रागावू नका पण आता मला निघायला पाहिजे, गाडी जाईल." साहेबांनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि म्हणाले चला, मी पण येतो स्टेशनपर्यंत, चालता चालता सांगा. साहेब राहायला मुलुंडला, बाईकने यायचे-जायचे, त्यामुळे रात्री भांडुप स्टेशनला ते कधी आलेच नसतील. मी कळव्याचा, मला त्याच वाटेने जायचं होतं, म्हणून मीही बरोबर.

गाळ्यापासून स्टेशनला भरभर चाललं तर पंधरा मिनिटं. साहेब काकांच्या मागे पडत होते, आणि काका पन्नाशी पार केलेले. जिन्यावर असतानाच गाडी सुटली.

मग आम्ही बाकावर बसलो आणि काकांनी सांगितलं. ते आसनगावचे. भांडुपहून स्लो पकडायची, ठाण्याला उतरायचं आणि तिथे कसारा लोकल गाठायची. ही स्लो मिळाली तर ठाण्याला कसारा मिळते. ही गेली की मग पुढची कसारा येईपर्यंत फलाटावर ताटकळत बसायचं, घरी पोचून जेवायला दोन वाजतात, आणि रिक्षा नसली की स्टेशनपासून अंधारात चालत. काका म्हणाले, "ह्या गाडीसाठी मी पळतो साहेब, कामाला कंटाळून नाही पळत. आणि नाइटवाला पण माझ्यासारखाच कुठून कुठून येतो, त्याची गाडी त्याला अकराच्या ठोक्यालाच आणते. आम्ही दोघं एका मशिनवर इतकी वर्षं आहोत, पण आमची गाठ पडते गेटवर, मी बाहेर पडताना आणि तो आत येताना."

साहेब मध्ये दोनदा काहीतरी सांगायला गेले, कंपनीचा टायमिंग असा आहे वगैरे, आणि दोन्ही वेळा स्वतःच थांबले. मग विचारलं, "तुमच्या मते काय करायला पाहिजे?"

काका जरा वेळ बोललेच नाहीत. मला वाटतं 22 वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नसेल. मग म्हणाले, अर्धा तास अलीकडे घ्या आणि जाणारा-येणारा पाव तास एकत्र ठेवा, बस.

तो रिपोर्ट साहेबांनी लिहिला, पण त्यात काकांचं नाव खाली आणि "हँडओव्हरला वेळ नाही" हे वर. सोबत क्यूसीचं रजिस्टर मागून घेतलं. तीन महिन्यांची पानं आम्ही दोघांनी काढली, आणि रात्री अकरा ते बाराच्या रकान्यात लाल शाईच लाल शाई. इतके दिवस आम्ही क्यूसीवालेच ते लिहीत होतो आणि साहेब रोज त्यावर सही करत होते.

पुढच्या आठवड्यात साहेब जेवणाच्या सुट्टीत खाली यायला लागले. दाण्याच्या 25 किलोच्या गोणीवर बसायचे, डबा उघडायचे आणि विचारायचे. पहिले काही दिवस कोणी बोलेना. सगळ्यांना वाटलं कोण कधी पळतं याची माहिती काढतायत. मग पॅकिंगच्या सुनंदा मावशींनीच तोंड उघडलं आणि उघडलं ते विरोधातच. म्हणाल्या, "साहेब, ऐकलं मी, साडेसहाला पाळी आणताय म्हणे. आमच्या डोंगरावर नळाला पाणी सकाळी सहाला येतं आणि साडेसातला जातं. आत्ताच सातच्या पाळीला मी पोरीला शाळेला उशीर करून पाण्याला उभी करते. साडेसहा केलीत तर आम्ही सहाजणी काय करायचं?"

म्हणजे काकांचा प्रश्न सुटला तर मावशींचा वाढत होता. जुने शिंदे साहेब असते तर म्हणाले असते, सगळ्यांचं बघत बसलो तर कंपनी कशी चालणार. हे उलट विचारायला लागले की मावशी, मशिन सुरू झाल्या झाल्या पॅकिंग लागतंच का? मावशी म्हणाल्या, नाही लागत, रात्रीचा माल क्रेटमध्ये पडूनच असतो की, आम्ही आठला आलो तरी दहापर्यंत तोच पुरतो. इतकी साधी गोष्ट, पण मशिनची पाळी सातला म्हणून पॅकिंग पण सातला, असं वर्षानुवर्षं चालू होतं आणि कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की दोघांचा वेळ वेगळा असू शकतो.

मॅनेजर साहेबांपाशी गाडी अडली ती पाव तासाच्या पैशावर. त्यांचं म्हणणं, आठ तासांत अर्धा तास जेवणाची सुट्टी, म्हणजे काम साडेसात तास, आठवड्याचे 45, रोजची पंधरा मिनिटं धरली तरी साडेशेहेचाळीस, कायद्याच्या 48 तासांच्या आतच बसतंय, मग ओटी कशाला, असंच थांबवा. हिशोब बरोबरच होता. पण शिंदे साहेब म्हणाले, "सर, फुकट थांबवलं तर माणूस थांबेल, पण बोलणार नाही. मला त्यांचं बोलणं पाहिजे." आणि लाल शाईची पानं पुढे ठेवली, एक मोल्ड दुरुस्तीला किती गेले ते बिल पण ठेवलं. महिनाभर ट्रायल म्हणून मान्य झालं, पैशासकट.

मग बोर्डावर वेळेचा नवीन तक्ता लागला. मशिनच्या पाळ्या साडेसहा, अडीच, साडेदहा, जाणाऱ्याने सुटीच्या वेळेनंतर पंधरा मिनिटं थांबून येणाऱ्याशी बोलायचं. पॅकिंग आठ ते साडेचार. प्रत्येक मशिनला एक पाटी टांगली, जाणाऱ्याने खडूने लिहायचं, येणाऱ्याने वाचून खाली सही करायची. पाळी आपसात बदलायची असेल तर एक वही ठेवली, दोघांनी सही केली की झालं, साहेबांना विचारायची गरज नाही.

पहिला आठवडा वाईट गेला, खोटं कशाला सांगू. लोक थांबायचे पण काय बोलायचं तेच कळेना, पाटीवर सगळीकडे "ओके" लिहिलेलं. दोन जण जुन्या वेळेला आले आणि साहेबांनी हाफ डे लावला नाही, याचंच सगळ्यांना जास्त आश्चर्य. मग एका रात्री काकांच्या चार नंबरवर पाटी भरलेली दिसली, "9 नं. कॅव्हिटी बघ, चिकटते, सेमीवरच ठेव, पाण्याची लाइन गरम लागते", आणि काका नुसते लिहून गेले नाहीत, रमेशचा हात धरून पाण्याच्या पाइपवर ठेवला, "देख, ये गरम है ना?" रमेशने मेंटेनन्सला उठवलं. लाइनमध्ये गाळ अडकला होता, मोल्ड थंड होत नव्हता म्हणून झाकण चिकटत होतं. आधीच्या वेळी पण हेच असणार. काका पावणेअकराला निघाले आणि अकरा वाजता ते गाडीत होते, ठाण्याहून मला फोन केला की कसारा मिळाली.

महिना संपला, ट्रायल चालू राहिली, कोणी बंद करा म्हणालं नाही. मावशींची पोरगी वेळेत शाळेत जायला लागली हे त्यांनी साहेबांना स्वतः येऊन सांगितलं, सोबत डब्यातून घावन आणले होते.

दिवाळीच्या आधी मोठी ऑर्डर आली. मॅनेजर साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "शिंदे, पंधरा दिवस दोनच पाळ्या करू, बारा-बारा तास, उद्यापासून."

साहेब चार नंबरपाशी उभे होते. म्हणाले, "उद्यापासून नाही होणार सर. अडीचला दोन्ही पाळ्या भेटतात, रात्रीच्यांना साडेदहाला गाठतो. सगळ्यांना विचारतो आणि मग तुम्हाला आकडा देतो, किती माल निघेल आणि कसा निघेल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर का नाही ते पण घेऊन येतो," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "रजिस्टर आण रे, गेल्या महिन्याची पानं पण काढ."