विषय: व्हेंडर मास्टरच्या पडताळणीचे काम या महिन्यात स्वीकारण्यातील अडचण आणि काही पर्याय

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

सोमवारच्या बैठकीत आपण व्हेंडर मास्टरमधील सर्व पुरवठादारांच्या नोंदी तपासून दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे सोपवले आणि ते ३० तारखेपर्यंत पूर्ण व्हावे, असे सांगितले. हे काम माझ्यावर विश्वास ठेवून दिले आहे याची मला जाणीव आहे. बैठकीत सगळ्यांसमोर मी लगेच काही बोलले नाही, कारण कामाचा नेमका आवाका पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणे मला बरोबर वाटले नाही. काल दुपारी तो आवाका पाहिला. आहे त्या स्वरूपात आणि त्या मुदतीत हे काम मी घेऊ शकणार नाही. त्याची कारणे आणि मला व्यवहार्य वाटणारे पर्याय पुढे मांडते आहे.

बैठकीत हे काम तीन-चार दिवसांचे असल्याचा उल्लेख झाला होता. अंदाज घेण्यासाठी मी यादीतले कोणतेही १५ पुरवठादार निवडले आणि प्रत्येकाची मूळ फाइल काढून पत्ता, नोंदणीची कागदपत्रे, बँक खात्याचा तपशील आणि एकच पुरवठादार दोन नावांनी नोंदला गेला आहे का, हे तपासले. त्याला ३ तास लागले, म्हणजे एका नोंदीला सरासरी १२ मिनिटे. यादीत एकूण १,१४० नोंदी आहेत. त्या हिशेबाने हे २२८ तासांचे काम होते, आणि दुसरे काहीही न करता रोज आठ तास दिले तरी त्याला २८ दिवसांहून अधिक लागतील.

दुसरीकडे, आजपासून ३० तारखेपर्यंत कामाचे ९ दिवस, म्हणजे ७२ तास माझ्या हातात आहेत. दर महिन्याचा अनुभव पाहता या काळात सुमारे १८० बिले येतील. परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल ही तिन्ही जुळवून एक बिल पास करायला ९ मिनिटे धरली, तर त्याचेच २७ तास होतात. पेमेंटच्या तीन याद्या तयार करण्याचे १२ तास, बँकेचा ताळमेळ आणि महिनाअखेरच्या नोंदींचे १२ तास, आणि पुरवठादारांचे फोन व ईमेल यांचा रोज एक तास धरून आणखी ९ तास. अंतर्गत ऑडिटने मागितलेल्या ६० व्हाउचरपैकी २२ दिली आहेत. उरलेली ३८ रेकॉर्ड रूममधून शोधून कागदपत्रांसह द्यायला १३ तास लागतील. ही बेरीज ७३ तासांची होते. कोणी रजेवर गेले किंवा सिस्टीम अर्धा दिवस बंद पडली, तर त्यासाठी यात काहीच जागा ठेवलेली नाही.

घाई झाली की काय होते, हे गेल्या महिन्यात माझ्याच हातून घडले. सहकारी रजेवर असल्यामुळे तिची बिलेही मी पाहत होते. ३० तारखेला संध्याकाळी एक बिल दुसऱ्यांदा नोंदले गेले. आधीच्या नोंदीत क्रमांक ‘४१२/अ’ होता आणि स्कॅन प्रतीवरून मी तो ‘४१२-अ’ असा टाकला. सिस्टीमच्या दृष्टीने ती दोन वेगळी बिले ठरली आणि तिने इशारा दिला नाही. पेमेंटची यादी पाठवण्यापूर्वी शेवटची नजर फिरवताना एकाच पुरवठादारासमोर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी रक्कम दोनदा दिसली, म्हणून चूक सापडली. ती नजर फिरवायला त्या दिवशी वेळ मिळाला नसता, तर ती रक्कम बाहेर गेली असती.

आणखी एक मुद्दा वेळेचा नाही, पण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. पेमेंटची यादी मी तयार करते. पुरवठादारांच्या बँक खात्याची नोंद बदलण्याचे किंवा कायम करण्याचे कामही माझ्याकडेच आले, तर पैसे कोणत्या खात्यात जायचे आणि किती जायचे हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या हातात येते. माझ्याविषयी शंका नसली तरी ही रचना ऑडिटमध्ये आक्षेपार्ह ठरेल आणि तो आक्षेप योग्यच असेल. त्यामुळे वेळ उपलब्ध असता तरीही खात्यांच्या पडताळणीचा भाग दुसऱ्या कोणाकडे असावा, अशीच विनंती मी केली असती.

हे काम व्हायला हवे, याबद्दल माझे दुमत नाही. काल पाहिलेल्या १५ नोंदींतच दोन पुरवठादार दोनदा नोंदलेले आढळले. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की सर्व १,१४० नोंदी तपासू नयेत. गेल्या १२ महिन्यांत ज्यांना पेमेंट झाले आहे असे पुरवठादार फक्त ३१० आहेत. उरलेल्या ८३० नोंदी आपल्या मंजुरीने तूर्त ब्लॉक कराव्यात आणि त्यांपैकी कोणाकडून नव्याने खरेदी करायची झाली, तर त्या वेळी कागदपत्रे घेऊन ती नोंद खुली करावी. ३१० पुरवठादारांच्या बँक खात्यांची खातरजमा खरेदी विभागाने, आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन क्रमांकावर संपर्क करून करावी. नव्या पत्रावर छापलेल्या क्रमांकावर करू नये. पत्ते, कागदपत्रे आणि दुबार नोंदी मी पाहीन. त्यात माझा वेळ निम्म्यावर, म्हणजे ३१ तासांवर येतो. महिनाअखेरचे काम संपल्यावर पुढच्या महिन्याच्या ६ तारखेपासून रोज दोन तास दिले, तर कामाच्या १६ दिवसांत ते पूर्ण होईल.

व्यवस्थापनाला ३० तारखेपर्यंत काहीतरी दाखवणे आवश्यक असेल, तर सर्वाधिक रकमेचे पेमेंट होणारे ४० पुरवठादार मी याच महिन्यात पूर्ण करू शकेन. त्याला ४ तास लागतील. मात्र ऑडिटची व्हाउचर रेकॉर्ड रूममधून काढून आणण्यासाठी कार्यालयीन सहायकाची दोन दिवस मदत मिळाली, तरच तेवढा वेळ मोकळा होईल.

आणि संपूर्ण काम याच महिन्यात हवे, असा निर्णय असेल, तर किमान चार जणांची वेगळी तुकडी लागेल. त्यांना काम समजावून देण्यासाठी मी अर्धा दिवस देईन. हे काम मीच करायचे ठरल्यास माझ्याकडील कोणते काम थांबवायचे, हे आपण ठरवून ईमेलने कळवावे. पेमेंटच्या याद्या थांबवाव्यात असे मी सुचवणार नाही. ऑडिटची मुदत वाढवता येत असेल, तर त्यासाठी आपणच त्यांच्याशी बोलावे लागेल.

तपासलेल्या १५ नोंदींचा तक्ता आणि ३१० पुरवठादारांची यादी सोबत जोडली आहे. उद्या सकाळी ११ पूर्वी आपल्याला पंधरा मिनिटे देता आली, तर समोर बसून यातील पर्याय ठरवता येईल. खरेदी विभागाकडे मी अद्याप हा विषय काढलेला नाही. आपण होकार दिल्यावरच त्यांच्याशी बोलेन.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लेखा सहायक, देयके विभाग