गाऊट: पायाचा अंगठा ठणकतो तेव्हा

रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधा सुजतो, ठणकतो, तो गाऊट. त्यात वरण-भाकरी, पालक बंद करू नका. तुरीच्या डाळीनं गाऊट होतो हा गैरसमज आहे. बंद करायची ती दारू (बिअर आधी), वजडी-काळीज आणि गोड कोल्ड्रिंक. मराठवाड्याच्या उन्हात पाणी भरपूर प्या.

सांधा सुजला की पाय उशीवर ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. मेडिकलवरून मनानं वेदनाशामक घेऊ नका, किडनीला धोका असतो.

युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल गोळी दुखणं थांबलं तरी रोज घ्यायची, दुखणं उठलं तरी सोडायची नाही. रक्तातलं युरिक ॲसिड ६ mg/dL च्या खाली हवं. मात्र अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून लगेच या.

तापासह सांधा लाल-गरम झाला तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.