आप्पांचा गुरुवारचा दवाखाना

आप्पा या ग्रुपवर नाहीत म्हणून मोकळेपणानं लिहितेय. वाचून नुसता अंगठा टाकू नका, उत्तर द्या.

पुण्यातल्या हार्टच्या डॉक्टरांची गुरुवारी साडेअकराची अपॉइंटमेंट मिळालीय. आप्पा फोनवर मला "काही झालेलं नाही" म्हणाले. पण वहिनी सांगतात की मोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ राहतो, रात्री तीन उशा लागतात आणि आठ दिवसांत वजन ६१ वरून ६४ झालंय. जेवण निम्म्यावर आलेलं असताना वजन वाढतंय म्हणजे अंगात पाणी साठतंय. त्यामुळे दिवाळीनंतर बघू, हे आता नको.

गाडी दादाची. वाईतून साडेसातला निघा, खंबाटकीत कधी अडकायला होईल सांगता येत नाही. आप्पा प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी गुपचूप खिशात टाकतात, वाटेत थांबायला लागतं म्हणून. डॉक्टरांकडे फोन करून विचारलं, गोळी चुकवायची नाही. तेव्हा सुरूरला आणि शिरवळला थांबायचंच, त्यांनी मागितलं नाही तरी. उपाशी आणू नका, शुगर आहे त्यांना. रक्त बुधवारी सकाळी वाईतच द्यायचं, रिपोर्ट मला पाठवा. इको इथे होईल.

आता सोबत कोण. दादा, रागावू नकोस, पण केबिनमध्ये तू नको. मागच्या वेळी डॉक्टर आप्पांना विचारत होते आणि उत्तरं तू देत होतास, "बरं आहे, चालतात-फिरतात". आत वहिनी जातील. गोळ्या त्या देतात, रात्री उठून त्या बसवतात, आणि आजवर प्रत्येक वेळी घर सांभाळायला त्याच मागे राहिल्यात. वहिनी, वहीत लिहिलेली वजनं आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाका. जुनी फाईल देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे, गेल्या वर्षीचा इको त्यातच असावा.

मी अकराला दवाखान्याच्या दारात व्हीलचेअर घेऊन उभी राहते. आप्पा बसणार नाहीत म्हणतील. त्यांना सांगायचं, इथला नियम आहे.

ताई, तू कराडहून धावत येऊ नकोस. एवढी माणसं बघून ते घाबरतील. त्यापेक्षा बुधवारी रात्रीच वाईला ये आणि गुरुवारी आईजवळ थांब. तिला एकटं ठेवलं तर दर दहा मिनिटांनी फोन करेल.

सच्या, तू बंगळुरातून पैसे पाठवतो म्हणालास, ते लागले तर सांगेन. तुझ्याकडे दुसरं काम आहे. बुधवारी संध्याकाळी आप्पांना फोन कर आणि "मी सांगतोय म्हणून जा" म्हण. धाकट्याचं ऐकतात ते, आमचं नाही.

ॲडमिट करा म्हणाले तर पहिली रात्र मी थांबते, शुक्रवारची रजा टाकलीय. शनिवार-रविवार दादा.

वहिनी, तुम्हाला जमेल ना? तुमचं उत्तर आधी हवंय.