पन्नास डब्या की एकावन्न? हळदी-कुंकवाच्या खर्चाचं एक उदाहरण

(इयत्ता आठवी, घटक: असमानता. वहीत उतरवून घेण्याआधी एकदा नुसतं वाचा.)

उदाहरण. सोसायटीतल्या बायकांनी संक्रांतीचं हळदी-कुंकू एकत्र करायचं ठरवलं. भिशीतून त्यासाठी ₹३,००० बाजूला काढले. त्याहून एक रुपया जास्त मिळणार नाही, हे खजिनदार काकूंनी आधीच बजावलं. हळद, कुंकू, अत्तर, फुलं यांचे ₹३४० आणि बाजारात जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं ₹२२०. वाण म्हणून प्रत्येकीला ₹४२ ची स्टीलची डबी आणि ₹६ ची तिळगुळाची पुडी द्यायची. बोलावणं ५२ जणींना. पैसे पुरतील का? नाही पुरले, तर जास्तीत जास्त किती जणींना वाण देता येईल?

उकल. फुलं आणि रिक्षा यांचा खर्च एक बाई आली काय अन् शंभर आल्या काय, तेवढाच. तो आधी बाजूला काढा: ३४० + २२० = ५६०. वाण मात्र बाईगणिक वाढतं: ४२ + ६ = ४८. वाण मिळणाऱ्या बायकांची संख्या x मानू.

४८x + ५६० ≤ ३०००

इथे = नको, ≤ हवं. पैसे नेमके संपलेच पाहिजेत अशी अट कुणी घातलेली नाही. ते पुरले पाहिजेत, एवढंच. दोन्ही बाजूंतून ५६० वजा करू.

४८x ≤ २४४०
x ≤ २४४० ÷ ४८
x ≤ ५०.८३…

निम्मा वर्ग इथे थांबतो आणि उरलेला निम्मा सवयीने ५१ लिहून मोकळा होतो. दशांश चिन्हानंतरचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर पुढची संख्या घ्यायची, हे पाचवीपासून अंगवळणी पडलंय. तो नियम चुकीचा नाही, पण इथला नव्हे. जवळची संख्या कोणती, असं आपल्याला कुणी विचारलेलं नाही. पैशांत बसणारी संख्या कोणती, असं विचारलंय. ५१ चा ताळा करून बघा.

५१ × ४८ = २४४८, आणि हातात आहेत २४४०.

आठ रुपये कमी. काउंटरवर डब्या पिशवीत भरून झाल्यावर हे कळलं तर काय होतं, ते आईला विचारा. एक डबी पिशवीतून बाहेर काढावी लागते, आणि मागे उभ्या असलेल्या बायका बघत असतात. ५०.९९ आलं असतं तरी उत्तर ५०च राहिलं असतं. दशांश भाग कितीही मोठा असो, तो सोडायचा.

५० चा ताळा: ५० × ४८ = २४००. उरले ₹४०.

म्हणजे ५२ जणींना पैसे पुरत नाहीत. जास्तीत जास्त ५० जणींना वाण देता येईल आणि ₹४० उरतील. असमानता x च्या ०, १, २ पासून ५० पर्यंतच्या सगळ्या पूर्ण किमतींना खरी ठरते. आपल्याला त्यांतली सर्वांत मोठी हवी, म्हणून ५०. ऋण संख्याही असमानतेत बसतात, पण उणे तीन बायकांना वाण देऊन दाखवा, मग बोलू.

आता त्या .८३ कडे जरा बघू, कारण तो फेकून द्यायचा कचरा नाही. मोबाइलवर २४४० ÷ ४८ केलं की 50.8333333 दिसतं. त्यातला दशांश भाग म्हणजे एक्कावन्नाव्या वाणाचे जमलेले पैसे: ४८ पैकी ४०, म्हणजे पाच षष्ठांश. मात्र नुसता ०.८३ धरून ४८ ने गुणलंत तर ३९.८४ येतात, आणि सोळा पैसे कुठे गेले म्हणून शोधत बसाल. अशा उदाहरणात भागाकार हातानेच करा, बाकी आपोआप समोर येते. आणि ती बाकी उत्तरात लिहा. काकूंना हिशेब द्यायचा असतो, ₹४० कुठे गेले हे त्या विचारणारच.

पूर्ण संख्या घ्यायची हे ठरवतं कोण? वस्तू ठरवते. पंपावर “दोनशेचं टाका” म्हटलं की पेट्रोल एक लिटर आणि वर कितीतरी मिलिलिटर येतं, कुणाची तक्रार नसते. किराणावाला शंभराची साखर तोलून देतो, तिथेही दशांश चालतो. दीड किलो साखर असते, दीड डबी नसते. उदाहरणात ‘पूर्ण संख्येत उत्तर द्या’ असं कधीच लिहिलेलं नसतं. ते आपण ओळखायचं.

आता घासाघीस. ५२ जणींना बोलावून झालंय आणि वाण ५० चं. दोघींना काय सांगणार? काकू दुकानदाराला म्हणाल्या, “इतक्या डब्या घेतोय, भाव कमी करा.” डबी एक रुपयाने स्वस्त झाली तर एका वाणाचा खर्च ₹४७. २४४० ÷ ४७ केल्यास भागाकार ५१, बाकी ४३. पन्नास रुपये वाचले आणि वाढली फक्त एक बाई. पुढचा रुपया सुटला तर डबी ₹४०, वाण ₹४६. २४४० ÷ ४६ केल्यास भागाकार ५३, बाकी २. या वेळी दोघी वाढल्या!

सवलत दोन्ही वेळा एकच रुपया, मग पहिल्यांदा एक आणि दुसऱ्यांदा दोन का? बाकी बघा. ४८ वरून ४७ वर आलो तेव्हा आधीचे ४० आणि ५० वाणांवर वाचलेले ५० मिळून ९० झाले. त्यांत ₹४७ चं एकच वाण बसलं आणि ४३ उरले. दुसऱ्या सवलतीत ते ४३ आणि ५१ वाणांवर वाचलेले ५१, एकूण ९४. त्यांत ₹४६ ची दोन बसली आणि दोन रुपये उरले. आधीची बाकी नुसती बसून होती, ती पुढच्या सवलतीत कामाला आली. भाव सरळ रेषेत उतरतो, डब्यांची संख्या मात्र पायऱ्या चढते, आणि पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. आलेख काढाल तर हे डोळ्यांना दिसेल. ₹४५ आणि ₹४४ चे बिंदू तुम्ही काढा.

पण दुकानदार ऐकला नाही. तो ₹४२ वरच अडून बसला. मग कुणीतरी सुचवलं, तुळशीबागेत सुट्या घेण्यापेक्षा बोहरी आळीत घाऊक घेऊ, दोन्ही जवळच आहेत, रिक्षा तीच. तिथे तशीच डबी डझनाला ₹४५६, म्हणजे नगाला ₹३८. पण डझन फोडून मिळणार नाही.

इथे पूर्ण संख्येची अट दुसऱ्यांदा आली. आता डझनसुद्धा पूर्ण हवेत.

५२ ÷ १२ = ४.३३…

डब्या *किती लागतील* असा प्रश्न असेल तर उत्तर ५ डझन, कारण चार डझनांत ४८च होतात. *किती घेता येतील* विचारलं की खाली यायचं, *किती लागतील* विचारलं की वर जायचं. दशांश भाग किती आहे याच्याशी दोन्हीकडे काही संबंध नाही. परीक्षेत आकडेमोड सगळ्यांची बरोबर असते, गुण या एका शब्दावर जातात.

पाच डझन परवडतात का? डब्यांचे २२८०, शिवाय ५२ पुड्यांचे ३१२. एकूण २५९२, हातात २४४०. नाही. चार डझन घेतले तर डब्या १८२४ आणि ४८ पुड्या २८८, एकूण २११२. उरले ३२८, आणि चौघी राहिल्या. नुसतं घाऊक घेऊन तर आपण ५० वरून ४८ वर घसरलो! भाव कमी, तरीही वाण कमी.

मग मधला मार्ग. चार डझन बोहरी आळीतून, वरच्या चार डब्या तुळशीबागेतून ₹४२ ने. ४ × ४८ = १९२. एकूण २११२ + १९२ = २३०४. ५२ जणींचं वाण झालं आणि ₹१३६ उरले. आणखी दोघी ऐन वेळी आल्या तरी चालेल. ३२८ ÷ ४८ चा भागाकार ६ आहे, म्हणजे वाण ५४ पर्यंत जातं.

एक गंमत. आतापर्यंत उरलेल्या रकमा बघा (घासाघीस सोडून): ४०, ३२८, १३६. प्रत्येकीला ६ ने भागा. बाकी दर वेळी ४. योगायोग नाही हा. डबी ४२, पुडी ६, डझन ४५६, तिन्ही ६ च्या पटीत. म्हणून या तीन वस्तू कशाही, कितीही घेतल्या तरी खर्च ६ च्या पटीतच होणार, आणि २४४० ही ६ ची पट नाही. कमीत कमी ₹४ उरणारच. या भावात पैसे पूर्ण संपवून दाखवा, असं कुणी म्हटलं तर आकडेमोड न करता नाही म्हणून सांगा.

भास्कराचार्यांनी ११५० साली कुट्टकाच्या, म्हणजे पूर्ण संख्येतच उत्तर हवं अशा समीकरणांच्या, प्रकरणात हेच सांगितलंय. भाज्य आणि हार, म्हणजे आपल्याकडचे भाव, ज्या संख्येने भागले जातात, तिने क्षेप, म्हणजे आपल्या हातातली रक्कम, भागला जात नसेल तर तो प्रश्नच ‘दुष्ट’. म्हणजे तुमची चूक नाही, प्रश्न विचारणाऱ्याची.

सरावासाठी

१. ₹५०० मध्ये ₹३२ ची एक याप्रमाणे वह्या घ्यायच्या आहेत. किती येतील, किती पैसे उरतील?

२. बिस्किटाचा पुडा ₹१२ चा. पाच पुड्यांवर एक फुकट. ₹२०० मध्ये एकूण किती पुडे हातात येतील? (फुकटच्या पुड्यावर फुकट नाही, कुणीतरी विचारतंच.)

३. सहलीला ९४ जण, एका बसमध्ये ४४ जागा. बस किती सांगायच्या?

४. वरच्या हळदी-कुंकवात वाण ५४ जणींना दिलं आणि उरलेल्या पैशांच्या नुसत्या तिळगुळाच्या पुड्या घेतल्या. किती येतील, शेवटी किती उरेल? आकडेमोड करण्याआधी उरणारी रक्कम ओळखून लिहा.

उत्तरं: (१) १५ वह्या, ₹२० उरतील. (२) विकतचे १६ आणि फुकटचे ३, एकूण १९ पुडे. ₹८ उरतील. (३) ३ बस. २.१४ बघून २ लिहिलं असेल, तर उरलेले सहा जण कोण ते तुम्हीच ठरवा. (४) ६ पुड्या, ₹४.