करंट सीटीसीबद्दल – इन्स्ट्रुमेंटेशन, दहेज पोझिशन

नमस्कार मॅडम,

काल फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, सॉरी. मी कंट्रोल रूममधे होतो आणि तिथे पगाराचा प शब्द काढला की मागच्या खुर्च्यांवरचे सगळे एकदम शांत होतात, म्हणून म्हटलं घरी जाऊन निवांत लिहितो.

तुम्ही करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड आणि मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्यात. एक्स्पेक्टेड खाली स्पष्ट लिहिलंय. करंटचा आकडा मात्र आत्ता नाही देत, राग मानू नका. तुम्ही विचारलंत त्यात वावगं काही नाही, आपल्याकडे सगळेच विचारतात आणि तुम्हालाही वरून फॉरमॅट आलेला असतो हे मला माहितीये.

अडचण अशी आहे की तुम्हीच म्हणालात, क्लायंट सहसा करंटवर २५ टक्के देतो. आता मी इथे लागलो २०२० मधे, लॉकडाऊन चालू, जे मिळालं ते गुपचूप घेतलं आणि पुढची सगळी इन्क्रिमेंट त्याच आकड्यावर चढत गेली, आता त्यावर अजून २५ टक्के चढवले तर तो लॉकडाऊनचा पगार माझ्या मागे मागे दहेजपर्यंत येणार. काम मात्र तेव्हाचं राहिलेलं नाही ना. तेव्हा मी ट्रान्समीटर कॅलिब्रेशन आणि लूप चेकिंग करायचो, आज डीसीएस मायग्रेशन आणि शटडाऊनचं पूर्ण इन्स्ट्रुमेंट प्लॅनिंग माझ्याकडे आहे, आणि तुमच्या जेडीत नेमकं तेच मागितलंय. मग भाव त्या कामाचा करूया ना.

आणि खरं सांगायचं तर सीटीसीला सीटीसी जुळतही नाही. इथे बस आणि कॅन्टीन जवळजवळ फुकट आहे, ते आकड्यात कुठेच दिसत नाही. उलट काही कंपन्या ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के पण सीटीसीत धरतात, जे पर्मनंट माणसाने पाच वर्षांच्या आत सोडलं तर हातात येतच नाहीत.

तर माझी अपेक्षा: फिक्स्ड १४ लाख वर्षाला, व्हेरिएबल आणि ग्रॅच्युइटी सोडून. कंपनीचा पीएफ त्यात धरला तरी चालेल. हे बडोद्याहून कंपनीची बस असेल तर. भरूचला भाड्याने राहावं लागणार असेल तर १५, कारण दांडिया बाजारातलं घर काही बंद करता येणार नाही, आई तिथेच राहणार, म्हणजे दोन घरं चालवायची. हा आकडा हवेतून नाही काढलेला, माझ्या बॅचचे काही जण दहेज-अंकलेश्वर पट्ट्यातच आहेत, याच लेव्हलला काय चाललंय ते त्यांच्याकडून कळतं.

आता तुमच्याकडून एकच हवंय, या पोझिशनचं बजेट किती ते सांगा. अगदी नेमकं नको, रेंज चालेल. १३ च्या खाली असेल तर आत्ताच सांगून टाका, तुमचाही वेळ वाचेल आणि मला उगाच खोटी सुट्टी काढून इंटरव्ह्यूला यायला नको.

लपवायचं काही नाहीये हं. लेखी ऑफर आली की स्लिपा, फॉर्म १६, जे लागेल ते व्हेरिफिकेशनला देईन. आकडा फुगवून सांगणं मला सोपं होतं, पुष्कळ जण सांगतात, पण मग स्लिप समोर आली की दोघांनाही अवघड होतं, तुम्हाला क्लायंटसमोर आणि मला तुमच्यासमोर. क्लायंट फारच अडून बसला तर माझी मेल जशीच्या तशी पुढे पाठवा. त्यांची मदर कंपनी कॅलिफोर्नियाची म्हणालात ना, तिथे तर २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे आणि उमेदवाराने मागितली तर पे रेंज सांगावी लागते. इथे तो कायदा लागू नाही हे मान्य, पण त्यांना ही गोष्ट नवीन वाटायला नको.

बाय द वे, पोर्टलवर करंट सीटीसी टाकल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही आणि शून्य तो घेत नाही, म्हणून मी १ टाकलाय आणि रिमार्कमधे 'ऑफरच्या वेळी सांगेन' असं लिहिलंय. कोणी त्यावर २५ टक्के लावून सव्वा रुपया काढू नये एवढं बघा प्लीज.

नोटीस पीरियड दोन महिने आहे, बायआउट होतं पण आमचे एचओडी सहजासहजी सोडत नाहीत, त्यामुळे दोन महिनेच धरून चला. या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, साडेतीननंतर कधीही फोन करा, तेव्हा मी बसमधे नसेन तर घरी असेन.