वनस्पती पेशीची आकृती : तुझ्या फोटोवरून

बाळा,

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून दोनदा नीट पाहिला. पान थोडे तिरके आले आहे, वरच्या उजव्या कोपऱ्यावर तुझ्या हाताची सावली पडली आहे आणि डावीकडची नावे पुस्तकाच्या घडीत अर्धी गेली आहेत. तरीही आकृती समजावून सांगण्याइतकी स्पष्ट आहे. मधल्या मोठ्या फिकट निळ्या भागावर तू पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढले आहेस आणि खाली लिहिले आहेस, "इथे काहीच नाही का? आणि केंद्रक मध्यभागी का नाही?" हे दोन प्रश्न खरे तर एकच आहेत, आणि या आकृतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग त्यांच्यातच दडलेला आहे. तिथे आपण येणारच आहोत, पण सुरुवात बाहेरून करू.

सर्वांत बाहेर हिरवी जाड चौकट दिसते आणि तिला आतून चिकटून एक बारीक तपकिरी रेघ जाते. या दोन्ही मिळून एकच भिंत आहे असे समजू नकोस. जाड चौकट म्हणजे पेशीभित्तिका. ती मुख्यतः सेल्युलोजची बनलेली असते, कडक असते आणि पाण्याला व त्यात विरघळलेल्या लहान कणांना सहसा अडवत नाही. आतली बारीक रेघ म्हणजे प्रद्रव्यपटल. ते अतिशय पातळ आणि लवचीक असते, आणि कोणता पदार्थ आत घ्यायचा व कोणता बाहेर ठेवायचा, ही निवड तेच करते. आकार टिकवणे हे भित्तिकेचे काम आणि निवड करणे हे पटलाचे काम, एवढा भेद पक्का कर, कारण परीक्षेत चूक बहुधा इथेच होते. प्राण्यांच्या पेशीला पटल असते, भित्तिका नसते. रॉबर्ट हूक यांनी 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप पाहिला, तेव्हा त्यांना जे लहान लहान कप्पे दिसले, ते मृत पेशींच्या अशा भित्तिकाच होत्या. आतले सगळे नाहीसे झाले होते आणि चौकटी तेवढ्या उरल्या होत्या.

उजव्या बाजूला चौकट दोन ठिकाणी जराशी तुटलेली दिसते. छपाई राहून गेली असे तुला वाटेल, पण तसे नाही. शेजारच्या पेशीकडे जाणारे ते अतिसूक्ष्म मार्ग आहेत आणि त्यांतून दोन पेशींमध्ये पदार्थांची देवाणघेवाण होते. त्यांना नाव दिलेले नाही, म्हणून पाठ करण्याची गरज नाही. लक्षात मात्र ठेव.

आता तुझ्या प्रश्नचिन्हाकडे येऊ. तो फिकट निळा भाग म्हणजे रिक्तिका. "रिक्त" म्हणजे रिकामे, त्यामुळे नावानेच तुझी फसगत केली आहे. प्रत्यक्षात ती भरलेली असते. तिच्यात पाणी असते आणि त्या पाण्यात क्षार, शर्करा, आम्ले, काही वनस्पतींमध्ये तर रंगद्रव्येही विरघळलेली असतात. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत रिक्तिका बहुतेक जागा व्यापते, काही पेशींत तर दहातले नऊ भाग तिचेच असतात. एवढे मोठे काही मध्यभागी बसल्यावर बाकीच्यांनी कडेला सरकायचे, हे ओघानेच आले. केंद्रक वरच्या कोपऱ्यात दिसते ते यामुळेच. कोवळ्या, नुकत्याच विभागून तयार झालेल्या पेशीत रिक्तिका लहान लहान असतात, आणि तिथे केंद्रक बहुधा मध्यभागीच सापडते.

रिक्तिका केवळ साठा करत नाही. ती पाण्याने टच्च भरली की प्रद्रव्यपटलाला भित्तिकेवर दाबून धरते, आणि भित्तिका कडक असल्यामुळे पेशी फुटत नाही, ताठ राहते. अशा असंख्य ताठ पेशींमुळे कोवळे खोड उभे राहते आणि पान पसरलेले राहते. कुंडीला दोन दिवस पाणी घालायचे राहिले की पाने माना टाकतात, त्या वेळी भित्तिका जागेवरच असते. रिक्तिकेतले पाणी मात्र कमी झालेले असते आणि आतला दाब ओसरलेला असतो. पाणी घातल्यावर थोड्याच वेळात तेच पान पुन्हा वर उचलले जाते. इतके मोठे काम ज्या भागाचे आहे, तोच आकृतीत सर्वांत रिकामा दिसावा, याचे मला शाळेत असल्यापासून वाईट वाटत आले आहे.

रिक्तिका आणि प्रद्रव्यपटल यांच्यामध्ये जी पिवळसर पट्टी उरते, ते पेशीद्रव्य. बाकीची सर्व अंगके त्यातच आहेत. कोपऱ्यातला जांभळा गोल म्हणजे केंद्रक आणि त्याच्या आतला गडद ठिपका म्हणजे केंद्रकी. पेशीचे काम कसे चालवायचे याच्या सूचना केंद्रकातल्या डीएनएमध्ये असतात. केंद्रकाला लागून जी नागमोडी जाळी दिसते ती आंतर्द्रव्यजालिका, आणि तिच्यावरचे ठिपके म्हणजे प्रथिने तयार करणारे रायबोझोम.

हिरवे आकार तुला सहज ओळखता आले, ते हरितलवकच आहेत. दोन लांबट आणि खालचा एक गोल असला, तरी तिन्ही एकच अंगक आहे. नाणे बाजूने पाहिले तर लांबट दिसते आणि समोरून गोल, तसेच हे आहे. आतल्या चकत्यांच्या चळतींमध्ये हरितद्रव्य असते आणि ते प्रकाश शोषून घेते. मात्र प्रत्येक वनस्पती पेशीत हरितलवक असतेच असे नाही. प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा पाहिलास तर भित्तिका आणि केंद्रक दिसतील, हरितलवक दिसणार नाही.

नारिंगी आकारावर तू "ही प्राण्यांची ना?" असे लिहिले आहेस. ती तंतुकणिका आहे आणि ती वनस्पतींनाही लागते. हरितलवक शर्करा तयार करते, तर तंतुकणिका त्या शर्करेतली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणते. हे काम रात्रीही चालते आणि अंधारातल्या मुळांतही चालते.

आकृतीतल्या मापांवर मात्र विश्वास ठेवू नकोस. तुझ्या पुस्तकातली पेशी साधारण 10 सेंटिमीटर रुंद आहे आणि खरी पेशी 50 मायक्रोमीटर आहे असे धरले, तर चित्र 2000 पट मोठे झाले. त्या हिशेबाने 5 मायक्रोमीटरचे हरितलवक 1 सेंटिमीटरचे दिसेल, ते ठीकच आहे. पण 25 नॅनोमीटरचा रायबोझोम फक्त 0.05 मिलिमीटरचा होईल आणि कागदावर दिसणारही नाही. म्हणून चित्रकाराने तो मुद्दाम मोठा काढला आहे. रंगही ओळखीपुरते दिलेले आहेत. हरितलवकाचा हिरवा तेवढा खरा.

डावीकडे घडीत गेलेल्या नावाचे फक्त "…कुल" दिसते आहे आणि त्याची रेघ एकावर एक ठेवलेल्या वाकड्या चपट्या पिशव्यांपाशी थांबते. ते गॉल्गी संकुल असणार. प्रथिने वेगळी करून योग्य ठिकाणी धाडण्याचे काम तिथे होते. पान सपाट दाबून ते नाव पुस्तकात एकदा वाच, आणि वहीत आकृती काढताना आधी रिक्तिका काढ, म्हणजे बाकीच्यांना किती जागा उरते ते तुझ्या हातालाच कळेल.

तुझी,
मावशी